पऱ्हाटीचा चालत काढलेला व्हिडिओ कसा पाहायचा: लाल पान, ठिपका आणि सावली

पोळा झाला की आपल्याकडं गावागावातल्या ग्रुपवर पऱ्हाटीचे व्हिडिओ येणं सुरू होते. कोणी तासातून चालत चालत मोबाईल धरून दीड-दोन मिनिटाचं शूटिंग करते आणि खाली लिहिते, "भाऊ पानं लाल पडून रायली, कोणतं औषध मारू?" आणि मग खाली दहा जण दहा औषधांची नावं टाकतात, व्हिडिओ पूर्ण कोणी पाहिलेलाच नसतो. हा लेख अशा नवीन पोरापोरींसाठी आहे ज्यांना गावात कृषी मित्र म्हणून, शेतकरी गटात किंवा घरच्याच वावरासाठी असे व्हिडिओ पाहून काहीतरी सांगावं लागते. सगळी पिकं इथं घेत नाही, फक्त कपाशी घेतो, आणि त्यातही जास्त करून पानाचा लाल रंग, कारण सप्टेंबर-ऑक्टोबरमधे विदर्भात सगळ्यात जास्त गोंधळ त्याच्यातच होतो आणि सगळ्यात जास्त फुकटची फवारणीपण त्याच्यामुळंच होते.

आधी व्हिडिओ नीट काढून घ्या

खराब व्हिडिओवर डोकं लावण्यात अर्थ नाही, तो परत मागवायचा. माणूस नेहमीच्या चालीनं चालतो तेव्हा सेकंदाला साधारण एक मीटर पुढं जातो. आभाळ भरून आलं असेल किंवा संध्याकाळ असेल तर मोबाईल एकेक फ्रेम सेकंदाच्या साठाव्या भागापर्यंत उघडी ठेवते, म्हणजे तेवढ्या वेळात बाजूचं पान चित्रात दीड सेंटीमीटर सरकून जाते. आता पानावरचा ठिपका असतो दोन-पाच मिलीमीटरचा, तो त्या फरफटीत पार पुसून जाते आणि पान साफ असल्यासारखं दिसते. म्हणून शूटिंग करणाऱ्याला सांगायचं की चाल अर्ध्याहून कमी कर, आणि दर पंधरा-वीस पावलांवर पूर्ण थांब, मोबाईल एका झाडाच्या एक हात जवळ ने, तीन सेकंद हात स्थिर धर, मग पुढं चाल. व्हिडिओतला कामाचा भाग म्हणजे हे थांबेच, मधला चालण्याचा भाग दुसऱ्या कामाचा आहे ते पुढं सांगतो.

मोबाईल आडवा धरायचा. वेळ सकाळी आठ ते दहा चांगली, दव सुकलेलं पाहिजे कारण दवाचे थेंब चमकले की नवीन माणसाला ती पांढरी माशी वाटते. सूर्य पाठीमागं किंवा बाजूला ठेवायचा पण आपली सावली झाडावर पडू द्यायची नाही.

आता रंगाचं. आपली माती काळी, तर फ्रेममधे काळी माती जास्त आली की मोबाईलला वाटते अंधार आहे आणि ते सगळं चित्र उजळ करून टाकते, त्यात हिरवं पान फिकं पिवळट दिसाय लागते. याच्या उलट आभाळ फ्रेममधे आलं तर पानं काळपट होतात. त्यामुळं थांबल्यावर स्क्रीनवर पानावरच बोट दाबून धरायला सांगा म्हणजे उजेड त्या पानाप्रमाणं पक्का होते. आणि एक साधं काम, जे मी सगळ्यांना करायला लावतो, व्हिडिओच्या सुरुवातीला पऱ्हाटीच्या पानाजवळ एक पांढरा कागद किंवा पांढरा रुमाल धरून दोन सेकंद दाखवायचा. तो रुमाल व्हिडिओत पिवळट किंवा तांबूस दिसत असेल तर पानाच्या लालीवर भरवसा ठेवायचा नाही. संध्याकाळी पाच-साडेपाचला काढलेल्या व्हिडिओत तर अख्खं वावर लाल्या आल्यासारखं दिसते.

पाठवताना व्हॉट्सॲपवर सरळ व्हिडिओ म्हणून टाकला की तो दाबून छोटा होते आणि बारीक ठिपके त्यातच जातात. अटॅचमधे जाऊन `Document` मधून पाठवायला सांगा, फाईल मोठी जाते, रेंज नसेल तर चौकात येऊन पाठवावी लागते, पण चित्र जसंच्या तसं येते.

पहिल्यांदा पाहताना पानाकडं पाहूच नका

व्हिडिओ आला की लगेच पॉज करून झूम करायचा मोह होते. तसं करू नका. पहिल्यांदा न थांबवता पूर्ण पाहा आणि फक्त एवढंच पाहा की बिघाड वावरात कुठं कुठं आहे. फोटोत हे कधीच कळत नाही आणि चालत्या व्हिडिओची खरी किंमत हीच आहे. शूटिंग करणारा धुऱ्यावरून आत शिरला, मधात गेला, लवणात उतरला, परत वर आला, तर त्या प्रत्येक ठिकाणी रंग बदलते का? आणि जाणाऱ्याला आधीच सांगायचं की नुसता धुऱ्याधुऱ्यानं फिरू नको, एका कोपऱ्यातून शिरून तिरपा तिरपा जाऊन दुसऱ्या कोपऱ्यातून निघ, आणि चालताना तोंडानं सांगत जा, "इथं लवण आहे, इथं बरड आहे, इथं मागच्या पावसात पाणी साचलं होतं." हा आवाज फार कामाचा असते, त्याच्याशिवाय पाहणाऱ्याला उंचसखल समजत नाही.

बिघाड पाणी साचते त्याच ठिकाणी किंवा जिथं मुरूम वर आहे त्याच ठिकाणी असेल तर किडीआधी जमीन, पाणी आणि अन्नद्रव्य याच्यावर संशय घ्या. फक्त एका धुऱ्याच्या बाजूच्या चार-सहा तासातच पानं बिघडली आणि आत साफ असेल तर शेजाऱ्यानं काय फवारलं ते विचारा. टू-फोर-डी हे तणनाशक वाऱ्यानं कपाशीवर आलं की नवीन पानं भेंडीच्या पानासारखी बोटं फुटल्यागत लांब आणि अरुंद निघतात, ते ना रोग असते ना कीड, आणि त्याच्यावर कीटकनाशक मारून काहीच होत नाही. बिघाड सगळीकडं विखुरलेला असेल, इथं दोन झाडं तिथं तीन झाडं, उंचसखलाशी काही संबंध नाही, तर मग कीड किंवा रोग धरून दुसऱ्यांदा पाहायला घ्या.

दुसऱ्यांदा: ठिपका पानाचा आहे की उजेडाचा

आता थांब्यांवर पॉज करा. लॅपटॉप असेल तर व्हीएलसीमधे व्हिडिओ थांबवून `E` बटन दाबत गेलं की एकेक फ्रेम पुढं सरकते, मोबाईलवर बोटानं हळूहळू सरकवावं लागते.

नवीन माणूस सगळ्यात जास्त फसते ते सावलीच्या कवडशांवर. पऱ्हाटी दाट झाली की वरच्या पानांतून ऊन गळून खालच्या पानांवर पांढरे-पिवळे ठिपके पडतात आणि एका थांबलेल्या फ्रेममधे ते हुबेहूब रोगाचे वाटतात. हे ओळखायचं सोपं आहे, फ्रेम पुढं मागं करा. पान वाऱ्यानं हलते तेव्हा खरा ठिपका पानासोबतच हलते, शिरेपासून जेवढा लांब होता तेवढाच राहते. उजेडाचा कवडसा मात्र पानावरून घसरते, आधी शिरेच्या डावीकडं होता तो दोन फ्रेमनंतर उजवीकडं जाते किंवा लहानमोठा होते. पानाचा चकाकणारा भागपण तसाच, मोबाईल सरकला की चमक सरकते. ही एक सवय लागली तरी अर्ध्या चुका कमी होतात, कोणताही ठिपका कमीतकमी पाच-सहा फ्रेममधे शिरेला धरून जागेवर राहिला तरच तो ठिपका मानायचा.

दुसरा फसवा ठिपका म्हणजे चिखलाचा. जोराचा पाऊस झाला की मातीचे शिंतोडे खालच्या पानांवर बसून वाळतात, तपकिरी, गोल, आणि पानासोबतच हलतात. त्यांच्याभोवती पिवळी कडा नसते आणि ते जमिनीपासून हात-दीड हातापर्यंतच असतात. शंका असेल तर शूटिंगवाल्याला सांगा, अंगठ्यानं पान घासून कॅमेऱ्यासमोरच दाखव.

खरे ठिपके निघाले तर आकार पाहा. ठिपक्याला कोपरे आहेत, म्हणजे बारीक शिरांनी अडवल्यासारखा तो चौकोनी-तिकोनी दिसते आणि काळपट-तपकिरी आहे, तर जिवाणू करप्याचा संशय घ्या. याची खात्री करायला पान सूर्यासमोर धरून मागून उजेड येईल असं तीन सेकंद शूट करून घ्या, नवीन ठिपका असेल तर तो तेल लागल्यासारखा पाणचट, आरपार उजेड देणारा दिसते. ठिपका गोल आहे आणि आत एकात एक वर्तुळं आहेत, मधला भाग वाळून तडकलेला आहे, तर तो अल्टरनेरियाचा म्हणजे बुरशीचा करपा असायची शक्यता जास्त. त्याचा मधला भाग गळून भोक पडते आणि मग लोक म्हणतात अळीनं खाल्लं, पण या भोकाला तपकिरी वाळलेली किनार असते. अळीनं ताजं खाल्लेल्या भोकाची कड हिरवी आणि कुरतडलेली असते आणि आसपास काळी विष्ठा दिसते.

दहिया हा बुरशीचा रोग मात्र वरून चालता चालता बहुतेक सुटूनच जाते. त्याचे पांढरे, दही शिंपडल्यासारखे ठिपके आधी खालच्या जुन्या पानांच्या मागच्या बाजूला येतात, वरून त्याच जागी नुसता फिका पिवळट डाग दिसते. म्हणून खालच्या पानांवर असे फिके कोनदार डाग दिसले की पान उलटं करून मागायचंच.

लाल पान: तुडतुडे की लाल्या

आता मुख्य मुद्दा. पान लाल होण्याची दोन मोठी कारणं आहेत, एक तुडतुडे आणि दुसरं लाल्या. तुडतुडे पानाच्या मागं बसून रस पितात आणि त्यांच्या लाळेमुळं पान कडेपासून बिघडते. आधी कडा पिवळ्या होतात, मग विटेसारख्या लाल-तपकिरी होतात, आणि सोबतच कडा खालच्या बाजूला मुडपतात. बिघाड कडेकडून मधात सरकते. जोर वाढला की कडा वाळून करपतात.

लाल्या हा कीड नाही आणि बुरशीचा रोगपण नाही. बोंडं भरायच्या वेळेला झाडाला नत्र आणि मॅग्नेशियम कमी पडलं, मुळाशी पाणी साचलं किंवा पाण्याचा ताण पडला, रात्री एकदम थंड व्हायला लागल्या, की झाड पानातलं अन्न बोंडाकडं ओढते आणि पान लाल होते. मॅग्नेशियमच्या कमतरतेत शिरा हिरव्या राहतात आणि शिरांच्या मधला भाग लाल-जांभळा होते, आणि हे खालच्या जुन्या पानांपासून सुरू होते. पान बहुतेक सपाटच असते, कडा मुडपत नाहीत. म्हणून व्हिडिओत तीन गोष्टी पाहायच्या, लाली कडेपासून आहे की शिरांच्या मधे, कडा खाली वळल्या का पान सपाट आहे, आणि झाडावर ते खाली आहे की वरच्या-मधल्या पानांवर. (कडा वरच्या बाजूला वळल्या आणि पानाच्या मागं चंदेरी चमक असेल तर ते फुलकिडे, ते वेगळं.)

अडचण अशी की सप्टेंबरच्या शेवटी दोन्ही एकाच वावरात, कधी एकाच झाडावर असतात, आणि तेव्हा वरून कितीही चांगला व्हिडिओ असला तरी नक्की सांगता येत नाही. मग पानाची मागची बाजू पाहिल्याशिवाय बोलायचं नाही. तुडतुड्याचं पिल्लू एक-दोन मिलीमीटरचं, फिकट हिरवं, पानाच्याच रंगाचं, फोटोत दिसणं मुश्किल. पण ते तिरपं चालते, आडवं सरकल्यासारखं, आणि इथं व्हिडिओ फोटोपेक्षा चांगला पडते, कारण डोळ्याला रंग नाही दिसला तरी हालचाल दिसते. पान देठासकट हळूच उलटं करायचं, तोडायचं नाही, मोबाईल एवढा जवळ न्यायचा की पान फ्रेमभर दिसेल, आणि पाच सेकंद थांबायचं. झटक्यात उलटलं तर मोठे उडून जातात.

एक वावर पूर्ण पाहू

समजा मामांनी तीन एकराचा व्हिडिओ पाठवला, सप्टेंबरचा शेवटचा आठवडा, दोन मिनिटाचा. सोबत लिहिलं, "पुरी पऱ्हाटी लाल झाली, औषध सांग बाप्पा, उद्या मजूर सांगून ठेवले."

पहिल्यांदा न थांबवता पाहिलं. सुरुवातीचा रुमाल पांढराच दिसते, म्हणजे रंग खरा आहे. पहिले पंचवीस सेकंद धुऱ्याजवळचे, खालची पानं लाल. चाळीस सेकंदावर मामा लवणात उतरतात, तिथं झाडं कंबरेखाली आणि अर्धी पानं लाल. एक मिनिट दहा सेकंदावर ते वरच्या भारी काळ्या जमिनीत येतात आणि तिथं पऱ्हाटी हिरवीगार, छातीएवढी. म्हणजे "पुरी" नाही झाली, लवणात आणि धुऱ्याच्या पट्ट्यात झाली. धुऱ्याजवळ पाणी साचते का ते विचारलं तर मामा म्हणाले, "हो, नालीचं पाणी तिकडूनच येते, ऑगस्टच्या झडीत आठ दिवस तुंबून होतं."

दुसऱ्यांदा पाहिलं. लवणातल्या थांब्यावर पान सपाट, शिरा हिरव्या, मधे जांभळट लाल, लाली खालच्या पानांवर. हे लाल्याकडं जाते. पण दीड मिनिटाच्या पुढं वरच्या जमिनीत एका झाडाच्या मधल्या पानांच्या कडा पिवळ्या आणि खाली मुडपलेल्या दिसल्या. तिथं तुडतुडे असू शकतात. म्हणून मामांना सांगितलं, "मामा, मजुरांना उद्याचं राहू द्या म्हणा, आधी मला अजून एक व्हिडिओ द्या. पाच वेगवेगळ्या जागी एकेक झाड घ्या, त्याचं एक वरचं, एक मधलं, एक खालचं पान उलटून पाच-पाच सेकंद दाखवा." 

पंधरा पानं आली. फ्रेम पुढं मागं करून हलणारी पिल्लं मोजली तर सगळी मिळून अकरा, म्हणजे पानाला एक पण नाही. तुडतुड्यासाठी फवारणीची पातळी पानामागं दोन ते तीन पिल्लं धरतात, तर ही संख्या बरीच खाली आहे. पाच झाडं तीन एकराला कमीच आहेत, नियमानं एकरी वीस झाडं तपासतात, म्हणून मामांना त्याच दिवशी वरच्या हिरव्या भागात अजून झाडं पाहायला लावली, तिथंही तेवढंच निघालं.

तर मामांना सांगायचं असं की कीटकनाशक आत्ता नको. लवणातलं पाणी काढायला नाली मोकळी करा, आणि लाल पट्ट्यात मॅग्नेशियम सल्फेट एक टक्का, म्हणजे पंधरा लिटरच्या पंपाला दीडशे ग्रॅम, फवारा. त्यात कीटकनाशक मिसळू नका. जी पानं लाल झाली ती परत हिरवी होणार नाहीत हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर चौथ्या दिवशी फोन येते की काही फरक नाही. फरक पाहायचा तो नवीन पानांत आणि लाली वरच्या पानांकडं चढते का त्यात, म्हणून दहा-बारा दिवसांनी त्याच थांब्यांवरून तसाच व्हिडिओ मागवा. मागच्या वेळी थांबलेल्या झाडांना चिंधी बांधून ठेवली तर तेच झाड परत सापडते.

मजूर थांबवा म्हणताना वाईट वाटते, खाडा पडते, मामा चिडतात. तरी थांबवायचं. २०१७ मधे आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, तेव्हाही ऊन, छातीच्या वर गेलेली पऱ्हाटी आणि जहाल औषधांचं मिश्रण हेच होतं. लाल्यावर कीटकनाशक मारणं म्हणजे काहीही फायदा नसताना माणसाला त्या फवाऱ्यात उभं करणं आहे.

व्हिडिओवरून काय सांगायचं नाही

गुलाबी बोंडअळी पानावर काही खूण सोडत नाही. थांब्यावर एखादं फूल गुलाबासारखं बंदच राहिलेलं, पाकळ्या एकमेकीला चिकटलेल्या दिसलं तर ती डोमकळी, ते टिपून ठेवा आणि फूल उघडून आतली अळी दाखवायला सांगा. पण हिरव्या बोंडात अळी आहे का हे बाहेरून शूट करून कधीच कळत नाही, त्याला झाडावरची वीसेक बोंडं तोडून, फोडून पाहावी लागतात आणि कामगंध सापळ्यातले पतंग मोजावे लागतात. "पानं साफ आहेत म्हणजे बोंडअळी नाही" असं कोणाला लिहून देऊ नका.

जिवाणू करपा की बुरशीचा, यात दोन्ही खुणा एकत्र दिसत असतील, जुने ठिपके एकमेकांत मिसळून गेले असतील, तर व्हिडिओवर औषध ठरवायचं नाही, कारण बुरशीचं औषध जिवाणूवर चालेलच असं नाही. अशी दोन-चार पानं ताजी तोडून, कागदात गुंडाळून, प्लास्टिकच्या पन्नीत न घालता जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात नाहीतर अकोल्याच्या कृषी विद्यापीठाच्या लोकांकडं पाठवा, पन्नीत पान घामेजून सडते आणि मग त्यांनाही ओळखता येत नाही. सोबत तो व्हिडिओ, तारीख, वाण आणि आधी कोणती फवारणी झाली ते लिहून द्या.